रेघ कुठे मारायची?

भारतात एकूण भाषा किती आहेत? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याची उत्तरे मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली. २०११च्या जनगणनेत लोकांनी आपली मातृभाषा म्हणून जी नावे सांगितली ती १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा उरल्या. त्यांपैकी किमान दहा हजार लोक बोलतात अशा २७० मातृभाषा शेवटी १२१ भाषांच्या नावांखाली गोळा केल्या गेल्या.

या आकड्यांपैकी खरा कोणता, असे कुणी विचारले की आपण गोंधळतो. मोजणाऱ्यांच्या पद्धती वेगळ्या होत्या, काळ वेगळे होते, हे खरेच. पण त्यापलीकडचे एक कारण आहे आणि ते मला संख्याशास्त्र शिकवता शिकवता नव्हे, तर एका फजितीतून नीट कळले. त्या फजितीची आणि तिच्यामागच्या आकृतीची ही हकिगत.

काही वर्षांपूर्वी एका वाङ्मय मंडळाने मला ‘भाषा आणि आकडे’ या विषयावर बोलायला बोलावले होते. समोर भाषेची माणसे, आकड्यांना जरा बिचकणारी. म्हणून मी घरी बसून आलेख-कागदावर एक उदाहरण तयार केले. आठ भाषा घेतल्या: मराठी, कोकणी, हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि तमिळ. प्रत्येक भाषेतले एक ते दहा हे अंक घेतले आणि त्या शब्दांचा फक्त पहिला वर्ण लिहून काढला. स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिले, व्यंजनांच्या काना-मात्राही सोडल्या. कोकणी गोव्यात लिहितात तशी घेतली: स, णव, धा. गुजराती दोनाला ‘बे’ म्हणतात, कन्नड दहाला ‘हत्तु’, तेलुगू नवाला ‘तोम्मिदि’. कागदावर आले ते असे:

मराठी: ए द त च प स स आ न द
कोकणी: ए द त च प स स आ ण ध
हिंदी: ए द त च प छ स आ न द
बंगाली: ए द त च प छ स आ न द
गुजराती: ए ब त च प छ स आ न द
कन्नड: ओ ए म न ऐ आ ए ए ओ ह
तेलुगू: ओ र म न ऐ आ ए ए त प
तमिळ: ओ इ म न ऐ आ ए ए ओ प

आता कोणत्याही दोन ओळी एकाखाली एक धरा आणि किती जागी वर्ण वेगळा आहे ते मोजा. तो आकडा म्हणजे त्या दोन भाषांमधले अंतर. मराठी आणि हिंदी यांत फक्त सहाच्या जागी फरक आहे, ‘स’ आणि ‘छ’. म्हणून अंतर १. मराठी आणि गुजराती यांत दोन आणि सहा या जागी फरक, अंतर २. मराठी आणि कोकणी यांत नऊ आणि दहा या जागी फरक, अंतर २. कोकणी हिंदीपासून ३ आणि बंगालीपासूनही ३, तर गुजरातीपासून ४. हिंदी आणि बंगाली यांत या मापाने फरकच नाही, अंतर शून्य. दक्षिणेकडे कन्नड-तमिळ २, तेलुगू-तमिळ २, कन्नड-तेलुगू ३. आणि पहिल्या पाचांतली कोणतीही भाषा शेवटच्या तिघींपैकी कोणत्याही भाषेसमोर ठेवा, दहाच्या दहा जागा वेगळ्या. अंतर १०.

झाड कसे वाढते

आठ भाषांच्या जोड्या होतात अठ्ठावीस. अठ्ठावीस आकड्यांचे कोष्टक पाहून डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून संख्याशास्त्रज्ञ त्याचे झाड करतात. त्या आकृतीला डेंड्रोग्राम म्हणतात आणि ती ज्या रीतीने तयार होते तिला श्रेणीबद्ध समूहन. रीत अगदी घरगुती आहे. सुरुवातीला प्रत्येक भाषा एकटी, म्हणजे आठ गट. सगळ्यांत जवळचे दोन गट शोधायचे आणि जोडायचे. मग पुन्हा सगळ्यांत जवळचे दोन शोधायचे आणि जोडायचे. सगळे एका गटात येईपर्यंत हेच चालू ठेवायचे. आठ भाषा असतील तर सात सांधे होतात. प्रत्येक सांधा कागदावर किती उंचीवर काढायचा, तर जोडताना त्या दोन गटांत जेवढे अंतर होते तेवढ्या उंचीवर. या आकृतीत अर्थ आहे तो या उंचीला.

इथे एक प्रश्न लगेच येतो. एकेकट्या भाषांतले अंतर कळले, पण गटापासून भाषेचे अंतर कसे धरायचे? मी सरासरी घेतली. गटातल्या प्रत्येक भाषेपासूनचे अंतर काढायचे आणि त्यांची सरासरी करायची. सोकल आणि मिचनर यांनी १९५८ साली प्राण्या-वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी मांडलेली ही रीत आजही रुळलेली आहे.

तर पहिला सांधा हिंदी-बंगालीचा, उंची ० वर. दुसरा उंची १ वर: मराठी त्या जोडीला मिळाली. (गुजरातीचेही त्या जोडीपासूनचे अंतर १च होते. त्याबद्दल पुढे सांगतो.) मग गुजराती. तिचे हिंदीपासून अंतर १, बंगालीपासून १, मराठीपासून २. बेरीज ४, भागिले ३, म्हणजे १.३३. तिसरा सांधा त्या उंचीवर. चौथा कन्नड-तमिळचा, उंची २ वर. पाचव्यात तेलुगू त्यांना मिळाली, ३ आणि २ यांची सरासरी म्हणून २.५ वर. सहावा कोकणीचा. तिची चौघींपासूनची अंतरे २, ३, ३ आणि ४, सरासरी बरोबर ३. आणि सातवा, शेवटचा सांधा उत्तर-दक्षिणेचा, थेट १० वर.

हे झाड वाचताना एक चूक हमखास होते, ती आधीच सांगून टाकतो. खाली पाने ज्या क्रमाने डावीकडून उजवीकडे येतात, त्या क्रमाला काही अर्थ नाही. आकृती झुंबरासारखी आहे. प्रत्येक सांध्यापाशी खालचा भाग गर्रकन फिरवता येतो आणि तरी झाड तेच राहते. सात सांधे म्हणजे हेच झाड १२८ प्रकारे काढता येते. त्यांतल्या काही आकृत्यांत कोकणीच्या शेजारी कन्नड येईल, काहींत तेलुगू. शेजारी आली म्हणजे जवळची झाली असे नाही. दोन भाषा किती जवळ ते पाहायचे तर दोघींपासून वर चढत जायचे आणि त्या पहिल्यांदा कोणत्या उंचीवर भेटतात ते वाचायचे.

आता रेघ

झाड पुरे झाले, पण गट अजून झाले नाहीत. झाडात सगळे गट एकाच वेळी असतात, लहान गट मोठ्यांच्या पोटात. ठराविक गट हवे असतील तर झाड आडवे कापावे लागते. एका उंचीवर आडवी रेघ मारायची. रेघ जितक्या उभ्या फांद्यांना छेदेल तितके गट आणि प्रत्येक छेदाखाली लोंबकळणारी पाने म्हणजे त्या गटाचे सभासद.

रेघ १० च्या वर धरली तर एकच गट, आठ भाषांचा. ती ५ वर आणा: दोन गट, पाच आणि तीन. २.७५ वर आणा: तीन गट. हिंदी, बंगाली, मराठी, गुजराती या चौघी एकत्र, कोकणी एकटी आणि दक्षिणेच्या तिघी. अजून खाली, २.२ वर: तेलुगू सुटली, चार गट. १.५ वर: कन्नड-तमिळही सुटल्या, पाच गट. १ आणि १.३३ यांच्या मध्ये: सहा. अर्ध्यावर: सात, कारण हिंदी-बंगाली अजून एकत्रच.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की रेघ खाली सरकताना गट फक्त फुटतात. एका गटातली भाषा उठून दुसऱ्या गटात जाऊन बसली, असे होत नाही. समूहनाच्या इतर काही रीतींत तीन गट मागितले आणि मग चार मागितले, तर सगळी मांडणीच बदलू शकते. इथे तसे नाही. चारचे उत्तर तीनच्या उत्तरातला एक गट चिरूनच मिळते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. गट वाढले म्हणजे भाषा त्यांत सारख्या वाटल्या गेल्या, असे नव्हे. ‘आठ भाषांचे पाच गट पडले’ हे वाक्य ऐकले की मनात दोन-दोन, एक-दोनचे गट उभे राहतात. प्रत्यक्षात १.५ वरच्या पाच गटांचे आकार आहेत चार, एक, एक, एक, एक. म्हणजे एक घोळका आणि चार एकट्या. रेघ ५ वरून १.५ वर आली, गट दोनाचे पाच झाले, पण सर्वांत मोठ्या गटातून गेली फक्त एक भाषा. म्हणून गटांची संख्या एकटी कधी सांगू नये, शेजारी आकारही सांगावेत.

मडगावच्या बाईंचा प्रश्न

त्या सभेत मी पडद्यावर रेघ २.७५ वर मारून दाखवली. तीन गट, तीन रंग. आकृती देखणी दिसत होती. ‘पाहा,’ मी म्हणालो, ‘अवघ्या दहा शब्दांवरून उत्तर आणि दक्षिण वेगळ्या निघाल्या आणि कोकणी ही मराठीपासून वेगळी, स्वतंत्र म्हणून उभी राहिली.’ सभागृहात थोडी चुळबुळ झाली. काही जणांना ते आवडले नाही, काहींना फार आवडले.

मागच्या रांगेतून मडगावच्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. मला वाटले, त्या खूश झाल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘सर, ती रेघ जरा वर सरकवली तर आम्ही कुठं जाऊ?’

‘३ च्या वर नेली तर तुम्ही मराठी-हिंदीच्या गटात याल,’ मी म्हणालो.

‘आणि खाली आणली तर?’

‘खूप खाली आणली तर मराठी आणि हिंदीसुद्धा वेगळ्या होतील.’

‘मग ती नेमकी इथंच का मारलीत?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे उत्तर एवढेच होते की तीन रंग पडद्यावर बरे दिसत होते. बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, ‘आमची भाषा वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. पण ते तुमच्या रेघेवर अवलंबून असेल, तर उद्या दुसरा कुणी रेघ वर सरकवील.’

घरी परतताना एसटीत मी तो कागद पुन्हा काढला. पुढचे बरेच दिवस मी तेच झाड वेगवेगळ्या रीतींनी उभे करत राहिलो. जे सापडले ते त्या सभेत सांगायला हवे होते.

आधी सर्वांत सोपी तपासणी. एका सांध्यापासून त्याच्या वरच्या सांध्यापर्यंत किती मोकळी जागा आहे? कोकणीचा सांधा ३ वर, त्याच्या लगेच खालचा तेलुगूचा २.५ वर. म्हणजे माझे तीन गट टिकतात ते फक्त अर्ध्या एककाच्या पट्ट्यात. एका अंकाचा एक वर्ण इकडचा तिकडे झाला तरी ते मोडतील. उलट ३ पासून १० पर्यंत सात एककांचा मोकळा पट्टा आहे. त्यात कुठेही रेघ मारा, दोनच गट येतात आणि तेच येतात. झाड जर काही ठामपणे सांगत असेल तर ते एवढेच. दक्षिणेच्या या भाषांचे कुळ वेगळे आहे हे एलिस यांनी १८१६ साली मांडले होते आणि काल्डवेल यांनी १८५६ साली सविस्तर सिद्ध केले. माझ्या दहा वर्णांनी त्यात नवे काही सांगितले नाही, पण जुने बरोबर सांगितले.

दुसरी तपासणी बरोबरीची. मराठी आणि गुजराती, दोघींचे हिंदी-बंगालीपासूनचे अंतर १. मी मराठी आधी जोडली, कारण यादीत ती आधी होती. यादी उलटी केली असती तर गुजराती आधी जोडली गेली असती आणि १ ते १.३३ च्या पट्ट्यात ‘हिंदी, बंगाली, मराठी’ या गटाऐवजी ‘हिंदी, बंगाली, गुजराती’ हा गट दिसला असता. कन्नड-तमिळ आणि तेलुगू-तमिळ यांचेही तेच. अशा पट्ट्यात मारलेली रेघ भाषांबद्दल काहीच सांगत नाही, ती यादीचा क्रम सांगते. हे ओळखायचा उपाय सोपा आहे: यादी पिसावी आणि झाड पुन्हा करावे. गट बदलले तर ती उंची सोडून द्यावी.

तिसरी तपासणी जोडण्याच्या रीतीची. सरासरीऐवजी गटातल्या सर्वांत जवळच्या सभासदाचे अंतर धरले, तर कोकणी मराठीच्या बोटाला धरून २ वरच आत येते. मग २.७५ वरच्या रेघेला तीन नव्हे, दोनच गट मिळतात. सर्वांत दूरच्या सभासदाचे धरले, तर गुजरातीमुळे ती ४ वर जाते. त्यातही एक गंमत आहे. या दूरच्याच्या रीतीत आधी गुजराती हिंदी-बंगालीला जोडली, तर मराठीपुढे बरोबरीचे दोन पर्याय उभे राहतात: त्या तिघींपासूनही अंतर २ आणि कोकणीपासूनही २. तिने कोकणीचा हात धरला, तर ३ वरच्या रेघेखाली मराठी-कोकणी असा जोडगट निघतो. म्हणजे कोष्टक तेच, रीत तीच, फक्त यादीचा क्रम बदलला. आणि मी ज्या दोन भाषा वेगळ्या करून दाखवल्या होत्या त्याच एकत्र आल्या.

मग आणखी खाली, मापापर्यंत गेलो. ‘दहा’ आणि ‘धा’ हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत हे कोणताही मराठी माणूस सांगेल. ‘नऊ’ आणि ‘णव’ यांचेही तेच. माझ्या नियमाने मात्र द आणि ध वेगळे, न आणि ण वेगळे, आणि तो फरक ‘दोन’ आणि ‘बे’ यांच्यातल्या फरकाइतकाच मोठा. नियम जरा सैल केला, द-ध आणि न-ण एक धरले, तर मराठी-कोकणीचे अंतर होते शून्य. मग त्या दोघी हिंदी-बंगालीसारख्या जुळ्या होतात आणि २.७५ वरची माझी रेघ कोकणीच्या कितीतरी वरून निघून जाते. रेघ तिथेच आहे, खालचे झाड बदलले. म्हणून नुसती उंची सांगूनही भागत नाही. कोणत्या मापाची उंची, हेही सांगावे लागते.

मापाची आणखी एक मर्यादा शून्यापाशी दिसते. हिंदी आणि बंगाली या एकच भाषा आहेत असे कुणीही म्हणणार नाही. पण माझ्या झाडात त्यांना वेगळे करणारी रेघ मारताच येत नाही, कारण त्यांचा सांधा जमिनीवर आहे. पट्टीवर जितक्या बारीक खुणा असतील त्याहून बारीक कापता येत नाही.

झाडाने दाबलेले अंतर

एक गोष्ट मात्र रेघ कुठेही असली तरी सुटत नाही. झाडावरून वाचले तर कोकणी मराठीपासून ३ वर, हिंदीपासून ३ वर आणि गुजरातीपासूनही ३ वर भेटते. कोष्टकात ती अंतरे आहेत २, ३ आणि ४. मराठीशी असलेली तिची जास्तीची जवळीक सरासरीत विरघळून गेली. झाड काढायचे म्हणजे गटात गेलेल्या सगळ्यांना बाहेरच्यापासून सारख्याच अंतरावर बसवायचे, त्याला दुसरा इलाज नाही. किती बिघाड झाला हे तपासायला झाडावर वाचलेली सगळी अंतरे मूळ कोष्टकाशेजारी ठेवून पाहतात. सोकल आणि रोल्फ यांनी १९६२ साली त्यासाठी एक सहसंबंधाचे मापही दिले. पण अमुक एका भाषेबद्दल बोलायचे असेल, तर त्या एका मापापेक्षा कोष्टकातली तिची ओळ वाचणे अधिक उपयोगी. मी बाईंना ती ओळ दाखवायला हवी होती.

आणि हे झाड म्हणजे वंशवृक्षही नव्हे, याचा मला पटलेला पुरावा ब्राहुई भाषेचा. ब्राहुई बलुचिस्तानात बोलतात आणि ती द्राविड कुळातली आहे. तिचे पहिले तीन अंक अजून घरचे आहेत: असिट, इरट, मुसिट. चारपासून पुढचे उसने, इराणी वळणाचे: चार, पंच, शश, हफ्त, हश्त, नोह, दह. तिला नववी भाषा म्हणून माझ्या कोष्टकात घातले. मराठीशी तिचे चार, पाच, नऊ, दहा जुळतात, म्हणून अंतर ६. हिंदी, बंगाली, गुजरातीशीही ६, कोकणीशी ८. तमिळशी फक्त दोन आणि तीन जुळतात, अंतर ८. कन्नड आणि तेलुगूशी ९. सरासरी काढली तर उत्तरेच्या पाचांपासून ती ६.४ वर आणि स्वतःच्या कुळातल्या तिघींपासून ८.६७ वर. झाडाने तिला मराठीच्या बाजूला बसवले.

त्याच वेळी ज्या सात एककांच्या मोकळ्या पट्ट्यावर मी एवढा विसंबून होतो, तोही दुभंगला. आता ५ वर रेघ मारली तर तीन गट येतात: पाच, एक, तीन. ७ वर मारली तर दोन, पण सहा आणि तीन, आणि त्या सहांत एक द्राविड भाषा. पट्टा रुंद असणे हा चांगला पुरावा आहे. पण तो पट्टा आपण यादीत कुणाला घेतले नाही यावरही ठरतो.

वाकडी रेघ

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे परत येतो. जनगणनेतले गट असे आकडेमोडीने झाड उभारून केलेले नाहीत, भाषातज्ज्ञांच्या आणि प्रशासनाच्या निर्णयांतून ते झाले. पण ते गट झाडावर ठेवून पाहिले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. तिथे रेघ आडवी नाही, वाकडी आहे. प्रत्येक फांदीवर वेगळ्या उंचीवर काप आहे.

२०११च्या जनगणनेत हिंदी भाषकांची संख्या ५२.८३ कोटी दिली आहे. ‘हिंदी’ हेच नाव मातृभाषा म्हणून सांगणारे त्यात ३२.२२ कोटी आहेत. उरलेले भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा पन्नासहून अधिक नावांखालचे. एकट्या भोजपुरीचे ५ कोटींहून अधिक. त्या फांदीवर काप खूप वर आहे. कोकणीच्या फांदीवर तो बराच खाली आहे: तिचे बोलणारे सुमारे साडेबावीस लाख आणि ती स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते. १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत आली. आणि तिच्या नावाखाली मोजलेल्या मातृभाषांत मालवणीही आहे, जिचा ‘वस्त्रहरण’ आपण मराठी रंगभूमीचा म्हणून डोक्यावर घेतला. मैथिलीचा काप तर आपल्या डोळ्यांदेखत सरकला. १९९१च्या जनगणनेत ती हिंदीच्या पोटात होती. २००३च्या घटनादुरुस्तीने ती अनुसूचीत आली आणि २००१च्या जनगणनेची भाषावार कोष्टके निघाली तेव्हा स्वतंत्र उभी राहिली. मधल्या दहा वर्षांत भाषा काही बदलली नव्हती. रेघ एका फांदीवर खाली आली, एक गट वाढला आणि हिंदीचा तेवढ्याने कमी झाला.

वाकडी रेघ मारणे हा गुन्हा नव्हे. संख्याशास्त्रातही फांद्यांची दाटी वेगवेगळी असेल तर मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर कापतात. माझ्याच झाडात मराठी आणि हिंदी वेगळ्या दाखवायच्या, पण कन्नड, तेलुगू, तमिळ एकत्र ठेवायच्या, असे ठरवले तर आडव्या रेघेने ते होणारच नाही. मराठी सुटेपर्यंत दक्षिणेच्या तिघी केव्हाच सुटलेल्या असतात. पण वाकडी रेघ मारली की ती का वाकडी, हे सांगण्याची जबाबदारी येते. साहित्य, लिपी, शाळा, बोलणाऱ्यांची स्वतःबद्दलची भावना ही सगळी कारणे असू शकतात आणि ती सबळही असू शकतात. फक्त ती झाडातून निघालेली नसतात. ती बाहेरून आणलेली असतात आणि तशी आणली आहेत हे मोकळेपणाने म्हटले तर कुणाचेच बिघडत नाही.

बाईंना मी नंतर पत्र पाठवले. सोबत तेच झाड, पण रेघेशिवाय. खाली तिच्या ओळीचे आकडे लिहिले: कोकणी ते मराठी २, हिंदी ३, बंगाली ३, गुजराती ४. आणि लिहिले की नियम सैल केला तर मराठीपाशी २ च्या जागी ० येते. उत्तरादाखल त्यांचे एक पोस्टकार्ड आले. त्यात कोकणीत एकाच ओळीत लिहिले होते की झाड मिळाले, आणि रेघ आम्ही मारू.